डेटर्सच्या यादीतून रुपये निवडताना: नव्या आर्टिकलसाठी मॉनेटरी युनिट सॅम्पलिंगची वाट

धंतोलीतल्या एका सीए ऑफिसात आर्टिकलशिप सुरू करून चारच महिने झाले होते. हिंगणा एमआयडीसीतल्या एका क्लायंटचं ऑडिट होतं आणि सरांनी जाताजाता सांगितलं, "डेटर्सचं कन्फर्मेशन तू बघ. सॅम्पल एमयूएसनं काढ." मी मान हलवली. एमयूएस म्हणजे काय, हे विचारायची लाज वाटली. त्या लाजेपायी माझे तीन दिवस वाया गेले आणि एकदा सगळी पत्रं रद्द करावी लागली. तुमचे ते तीन दिवस वाचावेत म्हणून हे लिहितो आहे.

क्लायंटचं नाव सांगणार नाही, आणि आकडे हिशोबाला सोपे जावेत म्हणून बदलले आहेत. पद्धत मात्र जशीच्या तशी आहे. कंपनी पीव्हीसी पाईप आणि ठिबकचं सामान बनवते. काटोल, नरखेड, वरूड, सावनेर, उमरेड, वर्धा अशा गावांतल्या डीलर्सना उधारीवर माल जातो. ३१ मार्चला ६४० डीलर्सकडून मिळून ४ कोटी ८० लाख रुपये येणे होते. ही येणी खरी आहेत का, की फुगवलेली आहेत, हे डीलर्सना पत्रं पाठवून, त्यांच्याकडूनच बाकी पक्की करून घेऊन तपासायचं होतं.

आधी एवढं डोक्यात बसवा

साध्या रँडम सॅम्पलिंगमध्ये ६४० खात्यांच्या ६४० चिठ्ठ्या करता येतात. तेरा लाखांच्या खात्याचीही एक चिठ्ठी आणि चोवीसशे रुपयांच्या खात्याचीही एकच. एमयूएसमध्ये चिठ्ठी खात्याची नसते, रुपयाची असते. चार कोटी ऐंशी लाख रुपये म्हणजे चार कोटी ऐंशी लाख चिठ्ठ्या. तेरा लाखांच्या खात्याच्या तेरा लाख चिठ्ठ्या असतात, म्हणून ते निवडलं जाण्याची शक्यता तितकीच जास्त.

अर्थात एकटा रुपया तपासता येत नाही. गळाला एक रुपया लागतो, पण वर येतं ते अख्खं खातं. मग तपासायचंही अख्खं खातंच, त्या रुपयाचं एखादं बिल नव्हे. पुढे ज्या चुका सांगणार आहे, त्यातल्या बहुतेक मी "आपण खाती निवडतोय" असं समजल्यामुळे झाल्या.

काय काय जवळ हवं

- टॅलीतून काढलेली संड्री डेटर्सची खातेवार यादी, ३१ मार्चची, डेबिट आणि क्रेडिट वेगवेगळ्या स्तंभांत
- त्याच तारखेचा ट्रायल बॅलन्स
- फाईलमधलं मटेरियालिटीचं वर्किंग
- आत्मविश्वास घटकांचा तक्ता (बहुतेक ऑफिसांच्या ऑडिट मॅन्युअलमध्ये असतो, नसेल तर पुढे लागणारे आकडे खाली दिले आहेत)
- कन्फर्मेशन पत्रांसाठी क्लायंटचं लेटरहेड आणि डीलर्सचे पत्ते, ईमेल
- एसए ५३० आणि एसए ५०५. पहिलं सॅम्पलिंगचं, दुसरं बाहेरून मिळवायच्या कन्फर्मेशनचं. दोन्ही लहान आहेत, एका दुपारी वाचून होतात.

१. यादी जुळवा आणि क्रेडिट खाती बाजूला काढा

माझी पहिली आणि सगळ्यात महागात पडलेली चूक इथे झाली. ट्रायल बॅलन्समध्ये डेटर्स ४,६८,६०,००० दिसत होते. यादीत डेबिटची बेरीज ४,८०,००,००० आणि क्रेडिटची ११,४०,०००. काही डीलर्सनी हंगामाआधी ॲडव्हान्स भरला होता, त्यांची ३७ खाती क्रेडिटमध्ये होती. वजाबाकी केली की ट्रायल बॅलन्सशी बरोबर जुळत होतं. मी खूश झालो आणि शहाणपणा करून दोन्ही स्तंभांचा एक निव्वळ स्तंभ केला. डेबिट अधिक, क्रेडिट उणे.

मग वाढती बेरीज करायला घेतली. बेरीज चढते, क्रेडिट खातं आलं की उतरते, परत चढते. उतरताना काही रुपये "मागे" जातात आणि चढताना तेच परत मोजले जातात. निवडीच्या स्तंभात एका खात्यासमोर चक्क −१ आला. एखादं खातं उणे एक वेळा कसं निवडलं जाईल? हे कळलं तोवर पत्रं टाईप होऊन क्लायंटकडे सहीला गेली होती. सरांनी सगळी परत मागवली.

म्हणून: आधी निव्वळ आकडा ट्रायल बॅलन्सशी जुळवा, ते वर्किंगमध्ये लिहा, आणि नंतर क्रेडिट खाती वेगळ्या शीटवर काढून टाका. ती तपासायचीच आहेत, पण वेगळ्या टेस्टने. त्यांच्याबद्दल शेवटी येईन. शून्य बाकीची खातीही काढा. शून्य रुपयांच्या शून्य चिठ्ठ्या, ती या पद्धतीत कधीच निवडली जाणार नाहीत. पुढचा सगळा हिशोब फक्त ४,८०,००,००० या डेबिट रकमेवर.

२. तीन आकडे ठरवा. हे आर्टिकलनं एकट्यानं ठरवायचं नाही

पहिला आकडा सहनमर्यादेचा. डेटर्समध्ये किती रुपयांपर्यंतची चूक असली तरी चालेल? याला आपण ऑफिसात टॉलरेबल मिसस्टेटमेंट म्हणतो. तो मटेरियालिटीवरून येतो आणि सहसा परफॉर्मन्स मटेरियालिटीइतका किंवा त्याहून कमी असतो. आमच्या केसमध्ये २२ लाख.

दुसरा, किती चूक निघेल असा अंदाज. मागच्या वर्षीच्या फाईलमध्ये परत आलेल्या मालाच्या क्रेडिट नोटा उशिरा टाकल्याच्या नोंदी होत्या. सरांनी अडीच लाखांचा अंदाज धरला.

तिसरा, चुकीचा निष्कर्ष काढण्याची किती जोखीम घ्यायची. आम्ही ५ टक्के घेतली. तिचा घटक ३. (१० टक्के जोखीम चालणार असेल तर घटक २.३१ येतो आणि सॅम्पल लहान होतं. इतर टेस्टमधून बराच पुरावा मिळत असेल तेव्हा हे चालतं.)

हा ३ कुठून आला, हे मला कुणी सांगितलं नव्हतं. समजा दर शंभर रुपयांत ५ रुपये खोटे आहेत. एक रुपया उचलला तर तो खरा निघण्याची शक्यता ०.९५. असे ६० रुपये उचलले आणि साठही खरे निघाले, याची शक्यता ०.९५ चा साठावा घात, म्हणजे साधारण ४.६ टक्के. पाच टक्क्यांहून कमी. म्हणजे साठच्या साठ चोख निघाले, तर "शंभरात ५ खोटे आहेत" हे म्हणणं आपण ९५ टक्के विश्वासाने फेटाळू शकतो. आता ६० गुणिले ५ टक्के किती? तीन. हाच तो घटक. मोबाईलच्या कॅलक्युलेटरवर एकदा करून बघा, मग तक्ता परका वाटत नाही.

३. इंटरव्हल काढा

चूक निघणारच नाही असं धरलं असतं, तर इंटरव्हल म्हणजे सहनमर्यादा भागिले ३, एवढंच. पण आपण अडीच लाखांची चूक अपेक्षित धरली आहे, तिच्यासाठी आधी जागा सोडावी लागते. ५ टक्के जोखमीला त्या अंदाजाला १.६ ने गुणून सहनमर्यादेतून वजा करतात. (१० टक्क्यांना १.५.)

```
2200000 - (250000 x 1.6) = 1800000
1800000 / 3 = 600000        इंटरव्हल
48000000 / 600000 = 80      निवडी
```

दर सहा लाखांतला एक रुपया, एकूण ८० निवडी.

अंदाज वाढला की सॅम्पल कसं फुगतं तेही बघून ठेवा. अडीचऐवजी आठ लाख चूक अपेक्षित धरली असती, तर २२ लाखांतून १२ लाख ८० हजार गेले असते, उरले असते ९ लाख २० हजार आणि निवडी झाल्या असत्या १५७. जिथे पुष्कळ चुका निघणार हे आधीच माहीत आहे, तिथे ही पद्धत परवडत नाही. आणि सॅम्पल लहान यावं म्हणून अंदाज मुद्दाम कमी धरू नका. त्याची शिक्षा सातव्या पायरीवर मिळते.

४. रँडम स्टार्ट घ्या आणि लगेच गोठवा

१ ते ६,००,००० मधला एक आकडा हवा. एक्सेलमध्ये `=RANDBETWEEN(1,600000)` लिहिलं की मिळतो. पण हे फंक्शन शीटमध्ये काहीही बदललं की नवा आकडा देतं. मी सकाळी खाती निवडली, जेवून आलो, कुठल्यातरी सेलमध्ये डीलरच्या गावाचं स्पेलिंग सुधारलं, आणि अख्खी निवड बदलली. सकाळची यादी कुठून आली हे सिद्ध करायला माझ्याकडे काही उरलं नाही. आकडा आला की तो कॉपी करून पेस्ट व्हॅल्यू करा, आणि कागदावरही लिहून ठेवा.

आवडता आकडा येईपर्यंत परत परत F9 दाबणं, हे सॅम्पलिंग नव्हे. पहिला येईल तो घ्यायचा. आमचा आला २,३७,४१५.

५. वाढती बेरीज आणि निवड

बी स्तंभात बाकी, सी मध्ये वाढती बेरीज, डी मध्ये किती वेळा निवडलं ते. G1 मध्ये इंटरव्हल, G2 मध्ये रँडम स्टार्ट. दुसऱ्या ओळीत हे लिहून खाली ओढा:

```
C2:  =SUM(B$2:B2)
D2:  =INT((C2-$G$2)/$G$1)-INT((C2-B2-$G$2)/$G$1)
```

गळ कुठे पडणार? २,३७,४१५ वर, मग ६ लाख मिळवून ८,३७,४१५ वर, मग १४,३७,४१५, मग २०,३७,४१५, असं शेवटपर्यंत. यादीतली पहिली सात खाती बघा:

| क्र. | बाकी | वाढती बेरीज | निवड |
|---|---|---|---|
| १ | ८५,००० | ८५,००० | ० |
| २ | १,४०,००० | २,२५,००० | ० |
| ३ | ६२,००० | २,८७,००० | १ |
| ४ | ४,१०,००० | ६,९७,००० | ० |
| ५ | १८,५०० | ७,१५,५०० | ० |
| ६ | १३,२०,००० | २०,३५,५०० | २ |
| ७ | २,४०० | २०,३७,९०० | १ |

या सात ओळींशी थोडा वेळ बसा. सहावं खातं इंटरव्हलच्या दुपटीहून मोठं आहे, म्हणून ते दोनदा निवडलं गेलं. सहा लाख किंवा त्याहून मोठं कुठलंही खातं सुटूच शकत नाही; गळाच्या दोन जागांमध्ये ते मावतच नाही. त्याला पत्र मात्र एकच जातं.

चौथं खातं चार लाख दहा हजारांचं. निवडलं जाण्याची शक्यता ४.१ भागिले ६, म्हणजे सुमारे ६८ टक्के. तरी सुटलं. आणि सातवं, चोवीसशे रुपयांचं, ज्याची शक्यता अडीचशेत एक, ते सापडलं. मोठ्या खात्याला शक्यता जास्त याचा अर्थ लहान खात्याला शक्यता शून्य असा नाही. तसा असता तर फसवणारा माणूस सगळी खोटी बिलं लहान खात्यांत विखरून टाकेल आणि आपल्याला कधीच दिसणार नाहीत.

आमच्या यादीत सहा लाखांवरची ९ खाती होती, एकूण १ कोटी १४ लाखांची. ती मिळून १९ वेळा निवडली गेली. उरलेल्या ६१ निवडी ६१ लहान खात्यांवर पडल्या. म्हणजे ८० निवडी, पण पत्रं ७०. डी स्तंभाची बेरीज ८० येते का ते बघा. तुमचा भागाकार नेमका नसेल तर एखाद्याचा फरक पडू शकतो, पण ७१ किंवा ९० आली तर कुठेतरी उणे आकडा किंवा मजकूर म्हणून बसलेला आकडा आहे. टॅलीतून आलेल्या शीटमध्ये दुसरा प्रकार मला दोनदा सापडला आहे.

निवड झाल्यावर यादी बाकीनुसार किंवा गावानुसार परत लावायची नाही. सूत्रं जिवंत असतील तर क्रम बदलताच निवडही बदलते. दुसरी प्रत करा आणि तिच्यावर हवं ते करा.

६. पत्रं, आणि चोवीसशे रुपयांचा वाद

पत्र क्लायंटच्या लेटरहेडवर आणि त्यांच्याच सहीने जातं, पण पाठवायचं आपण आणि उत्तर यायचं थेट आपल्या ऑफिसच्या पत्त्यावर किंवा मेलवर. क्लायंटचा माणूस "माझ्याकडे द्या, मी व्हॉट्सॲप करतो" म्हणेल. प्रेमाने नाही म्हणा.

तिथले अकाउंटंट भाऊ अनुभवी होते आणि मदतही करायचे. पण यादी पाहून ते हसले. "दोन हजार चारशे रुपयाच्या खात्याले पत्र? काहून टाइम खराब करून राहिले जी? हा सोडा, त्याच्या वरचा चार लाखाचा घ्या ना!" मे महिना होता, कूलर नुसता गरम हवा फेकत होता, आणि मला त्यांचं म्हणणं एकदम पटलं. चार लाख तपासणं चोवीसशेपेक्षा शहाणपणाचं नाही का? मी खातं बदललंही.

संध्याकाळी लोकमान्य नगरहून मेट्रोनं परतताना सरांना फोनवर सांगितलं. ते म्हणाले, "तू त्या खात्याचे चोवीसशे रुपये नाही सोडलेस, सहा लाख सोडलेस." तेव्हा काहीच कळलं नाही. मुद्दा असा: निवडलेला प्रत्येक रुपया इंटरव्हलमधल्या सहा लाख रुपयांच्या वतीनं बोलतो. त्याची आपल्या मर्जीनं बदली केली की त्या सहा लाखांच्या वतीनं कोणी उरत नाही. चार लाखांचं खातं तपासायचंच असेल तर जादा म्हणून तपासा. त्याला कुणी अडवत नाही. ते एमयूएसच्या हिशोबात धरू नका, इतकंच.

चोवीसशेचं खातं परत घेतलं, पण त्या डीलरचं उत्तर आलं नाही. उत्तर न आलेली आणखीही बरीच होती. उत्तर नाही म्हणजे खातं बरोबर असं नव्हे, आणि चूक असंही नव्हे. अशा वेळी दुसरे पुरावे बघायचे: मार्चनंतर पैसे आले का, आले तर नेमक्या याच बिलांचे का, बिल, डिलिव्हरी चलन, ट्रान्सपोर्टची पावती, ई-वे बिल असेल तर ते. चोवीसशेच्या खात्यात मार्चच्या शेवटच्या आठवड्यातलं एक बिल होतं, डीलरच्या सहीचं चलन होतं, आणि १९ एप्रिलला बँकेत तेवढीच रक्कम जमा दिसत होती. खातं बरोबर. दुसरा पुरावाही मिळाला नसता तर? तर ती बाकी चुकीची धरूनच पुढचा हिशोब करावा लागला असता.

उत्तरात फरक आला म्हणजे लगेच चूक झाली असंही नाही. वर्ध्याच्या एका डीलरनं ४० हजार कमी दाखवले. त्यानं ३० मार्चला चेक पाठवला होता, कंपनीला ३ एप्रिलला मिळाला. हा वेळेचा फरक आहे, ताळेबंदातली चूक नव्हे. बँक स्टेटमेंट बघून सोडला.

७. सापडलेल्या चुकांचं काय करायचं

शेवटी तीन खऱ्या चुका उरल्या. तिन्हीत येणं फुगलेलं होतं.

तिसऱ्या क्रमांकाचं खातं पुस्तकात ६२,०००, प्रत्यक्षात ४६,५००. पाईप परत आले होते, क्रेडिट नोट टाकली नव्हती. चूक १५,५०० ची, म्हणजे बाकीच्या २५ टक्के. या टक्केवारीला टेंटिंग म्हणतात: त्या खात्यातला प्रत्येक रुपया चार आणे "डागाळलेला". या खात्याचा रुपया सहा लाखांच्या वतीनं बोलतो, म्हणून अंदाजित चूक सहा लाखांच्या २५ टक्के, म्हणजे १,५०,०००.

दुसरी चूक १,५०,००० च्या एका खात्यात, खरी बाकी १,३५,०००. डाग १० टक्के, अंदाजित चूक ६०,०००.

तिसरी चूक त्या १३,२०,००० च्या मोठ्या खात्यात, ३०,००० ची. इथे टक्केवारी लावायची नाही. सहा लाखांवरची सगळी खाती आपण तपासली आहेत, ती कुणाच्या वतीनं बोलत नाहीत. चूक आहे तेवढीच धरायची: ३०,०००. माझ्या पहिल्या वर्किंगमध्ये मी इथेही टक्केवारी लावून बसलो होतो.

तिन्हींची बेरीज २,४०,०००. हा उत्तम अंदाज झाला. पण सॅम्पल म्हटलं की न पाहिलेल्याची जोखीम राहते, म्हणून वरची मर्यादा काढावी लागते. काहीही चूक सापडली नसती तरी ३ गुणिले सहा लाख, म्हणजे १८ लाख इतकी मोकळीक धरावीच लागते. त्यावर लहान खात्यांच्या अंदाजित चुका, मोठा डाग आधी या क्रमानं, वाढत्या घटकांनी गुणून मिळवायच्या. ५ टक्के जोखमीला घटक ३.००, ४.७५, ६.३०, ७.७६ असे चढतात. आपल्याला लागतात त्यांच्यातले फरक: १.७५, १.५५, १.४६.

```
3.00 x 600000             = 1800000
1.75 x 150000             =  262500
1.55 x  60000             =   93000
मोठ्या खात्यातली चूक        =   30000
वरची मर्यादा               = 2185500
```

सहनमर्यादा २२,००,०००. साडेचौदा हजारांनी पास.

आता त्या चोवीसशेच्या खात्याकडे परत या. समजा ते बिल खोटं निघालं असतं. चूक अवघ्या २,४०० रुपयांची, पण डाग १०० टक्के, म्हणून अंदाजित चूक सहा लाख. क्रमात ती पहिली येते: १.७५ गुणिले सहा लाख म्हणजे साडेदहा लाख. मग १.५५ गुणिले दीड लाख, १.४६ गुणिले साठ हजार, वर ३०,०००. वरची मर्यादा ३२,००,१०० झाली असती आणि डेटर्स नापास. सरांचं फोनवरचं वाक्य मला या हिशोबावर कळलं. अंदाज कमी धरून सॅम्पल लहान करणाऱ्याचंही इथेच फसतं. चुकांसाठी जागाच सोडलेली नसते, त्यामुळे एखादी मामुली चूक निघाली तरी मर्यादा ओलांडली जाते.

ओलांडली गेलीच तर? क्लायंटला त्याच प्रकारच्या चुका, आमच्या केसमध्ये परत आलेल्या मालाच्या क्रेडिट नोटा, स्वतः शोधून दुरुस्त करायला सांगता येतं आणि मग आपण पुन्हा तपासतो. किंवा जास्तीच्या टेस्ट करायच्या. पण "ही एकच चूक वेगळी आहे, हिचा प्रसार करायला नको" म्हणून हिशोबातून वगळायचं, हा मोह आवरा. एसए ५३० तशी सूट फक्त अत्यंत विरळ परिस्थितीत देतं, आणि तीही ती चूक बाकीच्या खात्यांचं चित्र दाखवत नाही याची भक्कम खात्री जास्तीच्या कामातून मिळवल्यावरच.

क्लायंटनं सापडलेल्या ६०,५०० च्या नोंदी दुरुस्त केल्या म्हणून काम संपलं, असंही समजू नका. दुरुस्त झालेली रक्कम तेवढी वजा होते. न तपासलेल्या ५७० खात्यांतला अंदाज तसाच राहतो आणि तो न दुरुस्त झालेल्या चुकांच्या यादीत न्यायचा असतो.

८. जे या जाळ्यात येतच नाही

एमयूएस फुगवलेलं पकडते, लपवलेलं नाही. एखाद्या डीलरकडून खरं येणं दोन लाख असेल आणि पुस्तकात २,००० दिसत असेल, तर निवडीची शक्यता तीनशेत एक, कारण चिठ्ठ्या पुस्तकातल्या रुपयांच्या असतात. म्हणूनच क्रेडिटर्ससाठी, जिथे भीती देणं कमी दाखवल्याची असते, ही पद्धत घेऊन बसू नका. मी दुसऱ्या वर्षी तेही करून पाहिलं. तिथे ३१ मार्चनंतरची पेमेंटं आणि बिलं उलट दिशेनं तपासणं जास्त कामाचं.

बाजूला काढलेली ३७ क्रेडिट खाती मी एकेक करून पाहिली. ३४ ठिकाणी खरोखर ॲडव्हान्स होता. तीन ठिकाणी मात्र एका डीलरची रक्कम दुसऱ्याच्या खात्यात जमा झाली होती, दोघांचीही नावं जवळपास सारखी. ॲडव्हान्सही ताळेबंदात डेटर्समधून वजा होऊन जात नाही, देण्यांत वेगळा दाखवावा लागतो; ते शेड्यूलमध्ये बघून घ्या.

९. फाईलमध्ये काय ठेवायचं

जुळवणीचं शीट, तीन आकडे आणि ते कुणी ठरवले, इंटरव्हलचं गणित, रँडम स्टार्ट आणि तो कधी घेतला, निवडीची गोठवलेली यादी, प्रत्येक खात्याचं उत्तर किंवा दुसरा पुरावा, चुकांचं वर्किंग. माझ्या पहिल्या फाईलमध्ये रँडम स्टार्टच लिहिलेला नव्हता. रिव्ह्यूला बसलेल्या मॅडमनी एवढंच विचारलं, "हीच सत्तर का?" आता मी यादीच्या डोक्यावर २,३७,४१५ असा आकडा, तारीख आणि सही करतो, आणि सहकाऱ्याला कोऱ्या शीटवर त्यावरून तीच सत्तर खाती काढून बघायला सांगतो. दहा मिनिटं लागतात.